चेहरा गोरा, हात सावळे

मे महिन्यातल्या दाट तिथी उरकल्या की माझ्या टेबलावर हार्ड डिस्कचा ढीग पडतो. मी धुळ्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. फोटो काढणारे वेगळे, शिरपूर, पारोळा, साक्री, अमळनेर अशा गावांतले. पानं लावणारा मी. नवरीशी माझी भेट कधी होत नाही, पण पंधरा दिवस तिचा चेहरा पडद्यावर मोठा करून पाहिला की तो इतका पाठ होतो की ती बाजारात समोरून आली तर ओळखायला हवी. दोनदा तशा नवऱ्या समोर आल्याही. दोन्ही वेळा मी ओळखलं नाही, त्यांच्या नवऱ्यांकडे पाहून ओळखलं. नवऱ्यांच्या चेहऱ्याला मी हात लावलेला नव्हता.

अशाच एका उन्हाळ्यात बापूचं प्रकरण झालं. बापू हे त्याचं खरं नाव नव्हे; अमळनेरकडच्या माणसाचं नाव लपवायचं तर त्याला बापू म्हणावं, निम्मं गाव बापूच असतं. वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. एका संध्याकाळी हार्ड डिस्क खिशात घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "हे काम तुझ्यावर टाकून मोकळं व्हायचं होतं. पण गाडीवर येता येता वाटलं, आधी ठरवू, मग टाकू."

मुलगी चोपड्याकडची, केळीवाल्या शेतकऱ्याची. डी. फार्म झालेली. रंग सावळा, म्हणजे आपल्याकडे बायोडाट्यात 'गव्हाळ' लिहितात आणि घरात काळी म्हणतात तसा. डाव्या गालावर लहानपणी उकळता चहा सांडून भाजल्याचा रुपयाएवढा डाग. लग्नाची टाळी साडेबाराची होती, लागली सव्वादोनला. खान्देशात हे वेगळं सांगायला नको. वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या, वर पत्र्याचं शेड, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या मागे भिंतभर एलईडी स्क्रीन, त्यावर दोघांच्या नावांची अक्षरं फिरताहेत.

लग्नानंतर आठ दिवसांनी बापूनं निवडीसाठी फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मोठ्या बहिणीचा निरोप आला: नवरी फार काळी आलीय, बायोडाट्याच्या फोटोत होती तशी करा, आणि गालावरचं तेवढं काढा. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील, नाना, केळीची फणी घेऊन स्वतः बापूच्या स्टुडिओत आले. अल्बमचे पैसे दोन्हीकडचे तेच देणार होते. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "भाऊ, पोरले जरा उजय करी दे. सासरले तिले कोनी बोलाले नको."

बापूला नणंदेचा राग आला होता. नानांचा येईना. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मला या प्रकरणावर जे म्हणायचं आहे ते दोघांच्या मागणीतल्या फरकावरून सुरू होतं. नणंद फोटोबद्दल बोलत होती, नाना मुलीबद्दल. पण दोघांपैकी कोणीही मुलीला विचारलेलं नव्हतं, आणि माझ्या धंद्यातल्या वीसेक वर्षांत मला एकही घर आठवत नाही जिथं हा निरोप देण्याआधी तिला विचारलं गेलं. हा निरोप ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडून न येता ज्याचे पैसे आहेत किंवा ज्याचा मान आहे त्याच्याकडून येतो, आणि आम्ही तो इमानेइतबारे पाळतो. लग्नाच्या फोटोतली खरी गफलत मला इथं दिसते. रिटचिंग हे कौशल्य आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही; माझं पोट त्यावर चालतं.

आम्ही फोटो उघडले. आधी जे दिसलं त्यानं बापूची मान खाली गेली. नणंद अर्धी बरोबर होती.

हे नीट सांगतो, कारण 'काळी आली' या तक्रारीचा निम्मा भाग बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा असतो आणि फोटोग्राफर तो मुलीच्या अंगावर ढकलून मोकळा होतो. कॅमेऱ्यातलं मीटर चेहरा ओळखून रंगाचा न्याय करत नाही. समोरच्या चौकटीतला उजेड मोजून तो सरासरी मध्यम करड्याच्या आसपास आणायचा, एवढंच त्याचं काम. मागे पेटलेली एलईडी भिंत असली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळं चित्र खाली ओढतं. भिंत छान येते, चेहरा अंधारात जातो. गोऱ्या नवऱ्याचा चेहरा त्यातूनही निभावतो, कारण त्याच्या त्वचेवरून मुळात जास्त उजेड परत येतो. सावळ्या नवरीचा चेहरा सावलीत जाऊन बसतो आणि तिथं नाकडोळ्याचा उठाव, गालाची गोलाई, सगळं एकाच गडद डागात मिसळतं. लोक त्याला रंग म्हणतात. तो रंग नसतो, उजेडाची चोरी असते.

बापूच्या फोटोत चेहरा साधारण सव्वा स्टॉप खाली होता. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. सव्वा स्टॉप खाली म्हणजे मुलीच्या चेहऱ्याला हवा होता त्याच्या जेमतेम चाळीस-बेचाळीस टक्के उजेड मिळाला होता. उपाय स्टेजवरच करायचा असतो: स्पॉट मीटरिंगनं गालावर उजेड मोजायचा, मागची भिंत पांढरी पडली तर पडू द्यायची, नाहीतर बाजूनं सॉफ्टबॉक्स किंवा मोठा छत्रीदिवा लावून चेहरा भिंतीच्या बरोबरीला आणायचा. बापूनं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला होता, आणि त्यातही काही फोटोंत. त्या फ्लॅशनं दुसरंच काम केलं. पार्लरवालीनं तिला तिच्या कातडीपेक्षा दोन शेड फिका फाउंडेशन लावला होता आणि वर पांढरी पावडर. अशा पावडरीतले बारीक कण फ्लॅशचा उजेड थेट कॅमेऱ्याकडे फेकतात. आरशात काही दिसत नाही, फोटोत चेहरा राख फासल्यासारखा येतो. म्हणजे एकाच लग्नात फ्लॅश लागलेल्या फोटोंत नवरी राखाडी, न लागलेल्यांत काळी. आणि ती स्वतः होती तशी एकाही फोटोत नाही.

"ही माझी चूक आहे," बापू म्हणाला. मला हे वाक्य आवडलं, कारण आमच्या धंद्यात ते फार कमी ऐकू येतं.

मग आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत फक्त उजेड दुरुस्त केला. बापूनं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न आवळता ठेवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढले होते म्हणून ते जमलं. जेपेगमध्ये सावलीतला तपशील कॅमेऱ्यानं आधीच आवळून टाकलेला असतो. तो वर ओढला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे आणि पट्टे येतात. रॉमध्ये सव्वा स्टॉप वर घेतला तरी कातडी कातडीच राहिली. नंतर स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यांनी आलेली झाक काढली. त्यासाठी चौकटीत करडी किंवा खरोखर पांढरी अशी एखादी वस्तू लागते. आम्हाला भटजींचं उपरणं मिळालं. उपरणं पांढरं झालं तसा हळदीचा पिवळा जागेवर आला, कुंकू लाल झालं, आणि त्या जांभळ्या सावटाखालून एक तपकिरी, तुकतुकीत, देखणा चेहरा वर आला. हात, मान, कान सगळे एकाच रंगाचे. खूण हीच: उजेडाची दुरुस्ती बरोबर झाली की सगळ्या अंगाचा रंग आपोआप जुळतो, कुठं मास्क लावून एखादाच भाग वेगळा उजळावा लागत नाही.

बापू म्हणाला, "ही मी लग्नात पाहिलेली मुलगी." तो तिथंच थांबला असता तर मला लेख लिहायचं कारण उरलं नसतं. पण हा चेहरा सावळाच होता. नणंदेला हवा तो गोरा.

आता गोरं करणं म्हणजे नेमकं काय होतं तेही पाहू, कारण लोकांना वाटतं एक बटण असतं. एका अर्थी असतंच. फोटो दुरुस्त करायच्या `Lightroom` मध्ये `Orange` नावाच्या पट्टीचं `Luminance` वाढवलं की माणसाची कातडी उजळते, मग ती कुठल्याही जातीची, कुठल्याही रंगाची असो, कारण सगळ्यांची कातडी मुळात नारिंगीच्याच छटांत असते. बापूनं तिथं बसून ती पट्टी शून्यावरून चाळीसवर नेऊन दाखवली. चेहरा उजळला. त्याचबरोबर हळद फिकी पडली, सागवानी चौरंग पांढुरका झाला आणि नानांनी कर्ज काढून केलेलं सोनं पितळेसारखं दिसू लागलं. पट्टी फक्त नारिंगी ओळखते; तिच्या लेखी नवरी, हळद आणि चौरंग एकच.

मग मास्क लावून फक्त चेहरा उजळायचा. तसं केलं की मान उघडी पडते. मान घेतली की कान राहतात, कानांवरचे केस कापल्यासारखे दिसतात, आणि हात तर प्रत्येक फोटोत असतात. अक्षता टाकताना हात, सप्तपदीत हात, मंगळसूत्र सरळ करताना हात. मेंदीचे हात गोरे केले तर मेंदी उडते. या लग्नातले निवडलेले फोटो साडेतीनशे होते, त्यांपैकी तिच्या हातांचे अडीचशेच्या वर. शिवाय गोरं करताना आणखी एक घात होतो. कुणाच्याही कातडीचे आकडे पाहा, लाल सगळ्यांत जास्त, मग हिरवा, निळा सगळ्यांत कमी. सावळ्या कातडीत निळा फारच कमी असतो आणि म्हणून ती उबदार दिसते. ती नुसती वर ढकलली की हे तिघे एकमेकांच्या जवळ येतात आणि चेहरा गोरा न होता राखाडी होतो. मग त्यात गुलाबी ओतायचा. पार्लरवालीनं केलं तेच आम्ही संगणकावर पुन्हा करायचं. म्हणूनच खान्देशातल्या शेकडो घरांच्या भिंतींवर एकाच गुलाबी रंगाच्या नवऱ्या टांगलेल्या दिसतात. सगळ्या आमच्या हातच्या, माझ्यासकट डझनभर लोकांच्या.

'हे तर पूर्वीपासून चालत आलंय' असं या वेळी कोणीतरी म्हणतंच. खरं आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्या स्टुडिओत निगेटिव्हवर रिटचिंगची पेन्सिल चालायची. निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूला पातळसं मीडियम चोळायचं, ते वाळलं की टोकदार शिसपेन्सिलीनं बारीक बारीक स्वल्पविराम काढायचे. निगेटिव्हवर जिथं शिसं चढतं तिथं प्रिंट उजळते. म्हणून पुटकुळी, डोळ्याखालचं काळं, कपाळावरची आठी पुसली जायची. एक चेहरा म्हणजे अर्धा तास. पण पूर्वी सगळं सचोटीचं होतं असा गळा मी काढणार नाही. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर हातानं रंग भरणारे आमचे गुरुजी सगळ्या बायकांचे गाल एकाच डबीतल्या गुलाबीनं रंगवायचे. खोटेपणा जुनाच आहे. फरक इतकाच की अर्धा तास लागत होता म्हणून तो एका फ्रेमपुरता राहायचा. आता तो साडेतीनशे फोटोंना एका रात्रीत लागतो.

आणि फोटोत खोटं असूच नये असं म्हणायला चाळीसगावच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाची जीभ रेटत नाही. छायाचित्रकार केकी मूस यांनी तिथल्या आपल्या बंगल्यात टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडून अशी निसर्गदृश्यं टिपली की पाहणारा कुठलं गाव म्हणून विचारत बसावा. ती बनावटच, आणि ती कला. पण टेबलावरच्या त्या डोंगराला कोणी सासरी पाठवणार नव्हतं. 'तुझा फोटो पाहिला तेव्हा तू वेगळी होतीस' असं त्याला कोणी म्हणणार नव्हतं.

नणंदेच्या निरोपातलं 'बायोडाट्याच्या फोटोत होती तशी' हे वाक्य मला इथं पुन्हा घ्यावंसं वाटतं, कारण सगळं दुखणं त्यात आहे. तो फोटो बापूनं मागवून पाहिला. कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, आणि तिथल्या पोरानं कोणी न सांगता, सवयीनं, चेहरा धुऊन काढलेला. गालावरचा डाग गायब. नानांनी तो तसाच पाठवला. कोणता बाप म्हणेल माझ्या मुलीला परत काळी करून दे? त्या फोटोवर सोयरीक पुढे सरकली. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या घरच्यांनी कुजबुज केली, पण मुलगा अडून बसला, लग्न झालं. आता त्या घरात एक हिशेब उघडा राहिलाय: दाखवलं एक, आलं दुसरं. अल्बम गोरा करा म्हणजे पहिल्या फोटोची बाकी दुसऱ्यानं फेडा. आणि याचं व्याज फेडत बसते ती मुलगी, जिनं हे कर्ज कधी काढलंच नव्हतं.

नानांचं म्हणणं मात्र यानं खोडून निघत नाही. ते म्हणत होते, चार पैसे आणि चार तास लागतील, पण पोरीला टोमणे बसणार नाहीत. या युक्तिवादापुढे तत्त्वाचं बोलणं फार हलकं वाटतं. मी स्वतः अनेक वर्षं याच कारणासाठी पट्टी ओढत आलो. पण जरा पुढचं चित्र पाहा. अल्बम सासरच्या हॉलमध्ये उघडला जातो तेव्हा नवरी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असते. पाहुणी एकदा पानाकडे पाहते, एकदा तिच्याकडे. टोमणा तिथंच तयार होतो, आणि तो आम्ही बारा बाय छत्तीस इंचाच्या पानावर छापून घरपोच दिलेला असतो. शिवाय लग्नाचा व्हिडिओ असतो. दोन-अडीच तासांच्या व्हिडिओत फ्रेमगणिक चेहरा धुणं आमच्या गावांतल्या बजेटात बसत नाही, त्यामुळे टीव्हीवर ती सावळी असते आणि टीव्हीखालच्या टेबलावरच्या अल्बममध्ये गोरी. नानांना मुलीला झाकायचं होतं. आम्ही झाकत नाही, दोन चेहरे शेजारी ठेवून देतो.

कायद्यानं हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बदलला तर तसं छापावं लागतं. नॉर्वेनं 2022 पासून शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर खूण बंधनकारक केली. आपल्याकडे 2020 मध्ये गोरेपणाच्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला, लग्नं जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावरून रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय गेली. हे सगळं बाजारापुरतं आहे. घरच्या अल्बमपर्यंत कुठलाही कायदा येत नाही, आणि यावा असंही मला वाटत नाही. उद्या देवघरातल्या फोटोवर सरकारी शिक्का नको. त्यामुळे अल्बमच्या बाबतीत शेवटचा हात फोटोग्राफरचाच.

बापूनं ठरवलं ते असं. उजेड पूर्ण दुरुस्त करायचा, सगळ्या फोटोंत, स्वतःच्या खर्चानं, कारण चूक त्याची. घाम, कुंकवाचे ओघळ, राख फासल्यासारखा मेकअप, लग्नाच्या धावपळीत उठलेली पुटकुळी, हे सगळं काढायचं. जे आठ दिवसांत जाणारच होतं ते फोटोत कायम ठेवण्यात कसला आलाय खरेपणा? रंगाला हात लावायचा नाही, मग सांगणारं कोणीही असो. आणि डागाचं तिला विचारायचं.

"नानांना काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगेन, नाना, काळी मी केली होती, तुमची मुलगी नव्हती. मी माझं निस्तरलंय."

मला हे उत्तर कितीतरी दिवस पुरलं.

मूळ लावून मुलगी माहेरी आली तेव्हा बापू बायकोला घेऊन चोपड्याला गेला. बायकोला मुद्दाम नेली. मुलगी नाना समोर असताना मनातलं बोलणार नाही हे त्याला कळत होतं. तिला आधीचे फोटो आणि दुरुस्त केलेले फोटो दाखवले. रंगाबद्दल ती हसली. "मी कायीच शे ना दादा. त्यासले का माहीत नही?" मग डागाचा विषय निघाला. बापूची खात्री होती की ती म्हणेल राहू द्या. आमच्यासारख्या विचार करणाऱ्या मंडळींना अशी उत्तरं आवडतात.

ती म्हणाली, सासरी हॉलमध्ये जी मोठी फ्रेम लागणार आहे तिच्यातला डाग काढा. इकडच्या अल्बममधला राहू द्या, आईला तो नसला तर करमणार नाही.

बापूला हे पटलं नाही. परत येताना त्यानं मला फोन करून सांगितलं की हे तर तेच झालं, तिकडच्यांसाठी एक चेहरा आणि इकडच्यांसाठी एक. आमचं त्यावर भांडणही झालं. माझं मत अजून तेच आहे की तिचं उत्तर आमच्या दोघांच्या तत्त्वांपेक्षा शहाणं होतं. भिंतीवरच्या फ्रेमकडे रोज येणारा-जाणारा पाहणार, आणि रोज कोणालातरी 'हे कशानं झालं गं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं असेल. अल्बम तो उघडणार ज्याला ते उत्तर आधीच माहीत आहे. कोणत्या माणसाला काय सांगायचं हे ठरवण्याचा हक्क आपण सगळे वापरतो. नणंदेनं डाग काढा म्हणणं आणि तिनं डाग काढा म्हणणं, पिक्सेल तेच बदलतात. तरी मी पहिल्याला नाही म्हणेन आणि दुसऱ्याला हो.

इथं बापू मला कोंडीत पकडतो. तो विचारतो, "उद्या नवरीच म्हणाली मला गोरी कर, तर?" त्याचा नियम साफ आहे: नाही. माझा तितका साफ नाही. मला वाटतं, तिला आधी नीट उजेडातला तिचा फोटो दाखवावा, कारण बऱ्याच सावळ्या मुलींनी स्वतःचा नीट उजेडातला फोटो कधी पाहिलेलाच नसतो. मोबाइल न विचारता चेहरा धुतो आणि स्टेजवरचा कॅमेरा तो अंधारात ढकलतो. मधला, खरा, त्यांना कोणी देतच नाही. तो पाहूनही ती म्हणाली गोरी कर, तर तिच्या खोलीत लावायच्या एका फ्रेमसाठी मी करीन. कुरकुरत करीन. बायोडाट्याच्या फोटोला मात्र कोणीही सांगितलं तरी नाही. तो फोटो तिच्या आधी लोकांच्या घरात शिरतो आणि तिच्या वतीनं शब्द देऊन येतो.

फ्रेममधला डाग मीच काढला. पाच मिनिटांचं काम. हीलिंग ब्रशनं तो नुसता पुसला तर गालावर मेणासारखा गुळगुळीत चट्टा येतो, म्हणून कातडीचा पोत एका थरात आणि रंग दुसऱ्या थरात वेगळा करून फक्त रंग जुळवावा लागतो, वरची छिद्रं तशीच ठेवून. रंग तिचाच ठेवला.

अल्बम गेला. नानांनी पूर्ण पैसे दिले, केळी पुन्हा आणली. मुलाकडच्यांनी फ्रेम घेतली, सॉफ्ट कॉपीही मागून घेतली. दिवाळीच्या सुमारास बापू एका साखरपुड्यासाठी त्याच गावात गेला होता, तिथं त्यांच्या घरी चहाला बोलावणं झालं. फ्रेम हॉलमध्येच होती. आमची नव्हती. सॉफ्ट कॉपी कुठंतरी देऊन नवी करून आणलेली, चेहरा दुधासारखा. करणाऱ्यानं मानेपर्यंत हात फिरवलेला, खाली मेंदीचे हात तसेच तपकिरी सोडून दिलेले.

चहा घेऊन तीच आली. बापूनं भिंतीकडे पाहिलं, तिनं बापूकडे. "दादा, हात राही ग्यात त्यासना," ती म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

बापूनं यंदाच्या बुकिंगच्या पावतीवर खाली एक ओळ छापून घेतलीय: 'उजेड दुरुस्त करून मिळेल, रंग बदलून मिळणार नाही.' पहिल्याच गिऱ्हाइकानं ती वाचून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही का?"